वजनगट कसा निवडावा? काट्यावर उभं राहण्याआधीचं गणित

पॅरिस ऑलिम्पिकमधले तीन आकडे आधी बघू. 6 ऑगस्ट 2024 ची सकाळ: विनेश फोगाटचं वजन 49.9 किलो. गट 50 किलोचा, म्हणजे पास. त्या दिवशी तिने जपानची युई सुसाकी, युक्रेनची ओक्साना लिवाच आणि क्युबाची युस्नेलिस गुझमान अशा तिघींना हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. संध्याकाळी उपांत्य लढतीनंतर वजन होतं 52.7 किलोच्या आसपास. रात्रभर घाम गाळला, केसही कापले. 7 ऑगस्टच्या सकाळी काटा थांबला 50.1 वर. शंभर ग्रॅम जास्त. ती बाद झाली, आदल्या दिवशीच्या विजयांसकट तिचं नाव यादीत शेवटी गेलं आणि अंतिम लढत गुझमान खेळली.

बहुतेक चर्चा त्या शंभर ग्रॅमवर झाली. नव्याने तालमीत, बॉक्सिंगच्या रिंगमध्ये किंवा वेटलिफ्टिंगच्या प्लॅटफॉर्मवर उतरणाऱ्याने मात्र मधला आकडा बघावा. 49.9 चे 52.7 होणं हा निष्काळजीपणा नव्हता. दिवसभरात तीन लढती खेळायच्या तर पाणी प्यावं लागतं, खावं लागतं. अडचण अशी की कुस्तीत अंतिम फेरी किंवा रेपेचाज, म्हणजे हरलेल्यांना कांस्यपदकासाठी मिळणाऱ्या लढती, खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. म्हणून गट निवडताना ‘मी एकदा तिथपर्यंत उतरू शकतो का?’ एवढंच विचारून भागत नाही. वजन घेणं आणि खेळणं यांत किती तास आहेत, आणि वजन किती वेळा घेतलं जाणार आहे, यावर सगळं गणित फिरतं. तिन्ही खेळांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

पायरी 1: आधी स्वतःचं खरं वजन शोधा

‘माझं वजन 59 आहे’ असं कुणी म्हटलं की कुठलाही जुना वस्ताद विचारेल, कधीचं? सकाळचं की जेवल्यावरचं? एकाच दिवसात माणसाचं वजन किलो-दीड किलोने सहज वरखाली होतं, आणि त्यात चरबीचा काही संबंध नसतो. ते पाणी असतं, पोटातलं अन्न असतं, घाम असतो.

दोन आठवडे वहीत रोज चार नोंदी करा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता-पिता. सरावाच्या आधी. सरावानंतर, अंग पुसून. आणि रात्री झोपण्याआधी. शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, तो सपाट फरशीवर ठेवा आणि दर वेळी त्याच जागी ठेवा. गादीवर किंवा चटईवर ठेवलेला काटा कमी-जास्त दाखवतो.

या वहीतून तीन गोष्टी कळतात. पहिली, सकाळच्या वजनांची सरासरी. हेच तुमचं खरं वजन. दुसरी, एका सरावात घामातून किती जातं. तिसरी आणि सगळ्यांत दुर्लक्षित, झोपेतली घट. रात्रीचं वजन वजा सकाळचं वजन. श्वासातून आणि त्वचेतून बाष्प जातं, सकाळी लघवी-शौच होते. अनेकांचं असं अर्धा ते एक किलो काही न करता कमी होतं. तुमची घट 400 ग्रॅम असेल तर ती 400 च धरा, मित्राची 900 आहे म्हणून तुमची होणार नाही. मुलींनी पाळीच्या तारखाही याच वहीत लिहाव्यात, कारण पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं आणि काहींचं वजन किलोभर वाढलेलं दिसतं. स्पर्धा त्याच दिवसांत येत असेल तर हिशेब आधीच करता येतो.

पायरी 2: तुमच्या खेळात काटा कधी लागतो ते बघा

वेटलिफ्टिंगचा नियम सगळ्यांत सरळ. तुमच्या गटाची स्पर्धा सुरू होण्याच्या दोन तास आधी वजनं सुरू होतात आणि तासभर चालतात. एकदा वजन गटात बसलं की विषय संपला, पुन्हा काटा नाही. जास्त भरलं तर त्या तासाभरात कितीही वेळा परत येता येतं. इथे एक बारकावा आहे: वेटलिफ्टिंगमध्ये गटाला खालची मर्यादाही असते, त्यामुळे वजन कमी भरलं तरी अडचण येते. म्हणून काही खेळाडू हातात पाण्याची बाटली घेऊन रांगेत उभे दिसतात. वजनाच्याच वेळी स्नॅच आणि क्लीन अँड जर्कचे सुरुवातीचे आकडे कार्डावर लिहून द्यायचे असतात, तेव्हा प्रशिक्षकाशी बोलून ते आधीच ठरवून जा.

काट्यानंतर पहिल्या स्नॅचपर्यंत तुमच्याकडे एक ते दोन तास. एवढ्या वेळात शरीरात अर्धा-पाऊण लिटर पाणी नीट भिनलं तरी खूप. म्हणजे दोन किलो पाणी काढून आलेला लिफ्टर जवळपास तशाच सुकलेल्या अंगाने बार उचलायला जातो. आणि या खेळात एका किलोने पदकाचा रंग बदलतो. 2022 च्या बर्मिंगहम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो गटात 113 आणि 135 असे 248 किलो उचलले. सुवर्ण गेलं 249 वर.

पूर्वी वेटलिफ्टिंगमध्ये हलकं असण्याचा आणखी एक फायदा होता. एकूण वजन सारखं झालं की ज्याचं अंगवजन कमी तो वर. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये 85 किलो गटात तिघांनी 390 किलो उचललं आणि ग्रीसच्या पायरोस दिमासला सुवर्ण मिळालं ते तिघांत हलका असल्यामुळे. तो नियम आता नाही. आज बरोबरी झाली तर तो आकडा आधी गाठणारा वर राहतो. जुन्या काळी शिकलेले काही जण अजून ‘जितका हलका तितका बरा’ सांगतात. गटाच्या मर्यादेत बसल्यावर त्याला आता काही अर्थ राहिलेला नाही.

बॉक्सिंगमध्ये हौशी आणि व्यावसायिक या दोन जगांची सरमिसळ करू नका. टीव्हीवर व्यावसायिक बॉक्सर आदल्या दिवशी काट्यावर उभे राहतात, मग चोवीस तास खातात-पितात आणि रिंगमध्ये कित्येक किलो वाढून उतरतात. तुम्ही ज्या जिल्हा, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धा खेळणार त्यांत तसं नसतं. तिथे लढतीच्या दिवशीच सकाळी वजन असतं आणि ज्या ज्या दिवशी तुमची लढत त्या त्या दिवशी असतं. स्पर्धेच्या सुरुवातीच्या वजनाला गटाची खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा बघतात. पुढच्या दिवसांत फक्त वरची. अंतिम फेरीपर्यंत गेलात तर आठवडाभरात चार-पाच वेळा काटा. व्हिडिओ बघून आदल्या दिवशीच्या वजनाची युक्ती इथे लावणारा पोरगा पहिल्या दिवशी पास होतो आणि तिसऱ्या दिवशी रिंगमध्ये पाय ओढत फिरतो.

कुस्तीत जागतिक संघटनेच्या नियमाने एक गट दोन दिवस चालतो. पहिल्या सकाळी वजनासाठी अर्धा तास, दुसऱ्या सकाळी फक्त पंधरा मिनिटं. दुसऱ्या सकाळी ज्यांच्या लढती उरल्या आहेत तेच येतात. वजन सिंगलेट घालून करतात आणि सिंगलेटसाठी वेगळी सूट नाही, त्यामुळे त्याचं वजनही तुमच्याच खात्यात. काही आंतरराष्ट्रीय निमंत्रित स्पर्धांत दोन किलोपर्यंत सूट असते. आपल्याकडेही काही स्पर्धांत आणि चाचण्यांत सूट मिळते. ती आहे की नाही हे परिपत्रकात वाचूनच ठरवा. तालमीत ‘दोन किलो चालतंय’ असं कुणी सांगितलं म्हणून तसं धरू नका.

सगळ्यांत वरच्या गटाचं तिन्ही खेळांत वेगळं आहे. बॉक्सिंग आणि वेटलिफ्टिंगचा शेवटचा गट वर मोकळा असतो. ऑलिम्पिक कुस्तीत पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये तो 125 किलोवर बंद होतो. महाराष्ट्र केसरीचा गटही 86 ते 125 किलोचा, त्यामुळे 87 चा पैलवान 120 च्या पैलवानासमोर येऊ शकतो. जत्रेच्या मैदानात तर काटाच नसतो, पंच जोड नजरेने लावतात. त्या सवयीत वाढलेल्या पोरांना शंभर ग्रॅमसाठी घरी पाठवणं खुळेपणा वाटतो. पण नियम असाच आहे. क्रीडा लवादाने 14 ऑगस्ट 2024 ला विनेशचं अपील फेटाळताना निकालाचे परिणाम कठोर आहेत हे मान्य केलं, तरी मर्यादा सगळ्यांना सारखीच आणि तिथे सूट देण्याची तरतूद नाही, हेच धरलं.

पायरी 3: गणित मांडा

आता एक काल्पनिक पैलवान घेऊ. वय 20, दोन आठवड्यांच्या नोंदीतून सकाळची सरासरी 59.0 किलो. समोर दोन गट: 57 आणि 61. झोपेतली घट 600 ग्रॅम. तासभराच्या हलक्या घामात जातं 800 ग्रॅम. स्पर्धा पाच आठवड्यांनी, दोन दिवसांची.

57 चा विचार करू. ताकद न घालवता आठवड्याला साधारण अर्धा किलो कमी करता येतं, तेही खुराकातलं तूप-साखर आवरून, प्रथिनं न तोडता. चार आठवड्यांत 2 किलो, म्हणजे 57.0. शेवटचा आठवडा हाताशी. कागदावर छान दिसतं. पहिल्या सकाळी 57.0 भरलं, पास.

आता दिवस सुरू होतो. वजनानंतर आणि लढतींच्या मध्ये पाणी, ओआरएस, केळी, भात, थोडं दही. दिवसभरात अडीच किलो आत गेलं असं धरा. तीन लढतींचा घाम आणि लघवी मिळून दीड किलो बाहेर. संध्याकाळी 58.0. झोपेत 600 ग्रॅम गेले, सकाळी 57.4. उरले 400 ग्रॅम. हा पैलवान तासाभरात 800 काढू शकतो, तेव्हा सकाळी अर्धा तास सैल कपड्यांत हलकं धावून काम होईल. गट बसतो, पण घासून.

त्याच पैलवानाने खुराक आवरला नाही, 58.5 वर राहिला आणि पहिल्या सकाळसाठी दीड किलो घामातून काढलं, तर? सुकलेलं शरीर मिळेल ते पाणी धरून ठेवतं. दिवसभरात तो अडीचऐवजी साडेतीन किलो आत घेणार, कारण तहान तशीच असते, आणि लघवी कमी होणार. समजा बाहेर गेलं 1.2. संध्याकाळी 59.3, झोपेनंतर 58.7. आता पंधरा मिनिटांच्या खिडकीआधी 1.7 किलो काढायचे, तेही तीन कुस्त्यांनी थकलेल्या अंगातून, ज्याला आता घामच फुटत नाही. विनेशच्या आकड्यांकडे परत बघा: संध्याकाळपासून सकाळपर्यंत तिने 2.6 किलो काढले होते. तरी शंभर ग्रॅम राहिले.

अमन सेहरावतचं उदाहरण लगेच कुणीतरी देतं. दोनच दिवसांनी त्याच पॅरिसमध्ये तो उपांत्य फेरीनंतर 61.5 किलोवर होता आणि पहाटेपर्यंत 56.9 वर आला, साडेचार किलोहून जास्त, आणि 57 किलो गटात कांस्य जिंकला. खरं आहे. पण त्याच्यामागे रात्रभर जागणारे प्रशिक्षक होते, गरम पाण्याचं स्नान होतं, सॉना होतं. आणि तोच अमन 2025 च्या झाग्रेब जागतिक स्पर्धेत 1.7 किलो जास्त भरल्याने एकही कुस्ती न खेळता परतला. पॅरिसमध्ये 57 चं सुवर्ण जिंकणारा जपानचा रेई हिगुची 2021 च्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत 50 ग्रॅमने बाद झालेला होता. जगातले सगळ्यांत सराईत लोक इथे चुकतात, म्हणून पहिल्याच स्पर्धेत घासून बसणारा गट घेऊ नये असं माझं मत आहे. वरच्या पैलवानाने 61 खेळावं. 59 वर 61 च्या पोरांशी तो थोडा हलका पडेल, पण दिवसभर पोटभर खाऊन-पिऊन खेळेल आणि दुसऱ्या सकाळी काट्याकडे दुर्लक्ष करू शकेल. 57 चा विचार वर्षभराने, वजन हळूहळू 58 वर स्थिर झाल्यावर.

एक सोपी चाचणी: स्पर्धेच्या तीन आठवडे आधी सरावात हा दोन दिवसांचा खेळ खेळून बघा. सकाळी वजन, दिवसभरात तीन पूर्ण लांबीच्या कुस्त्या, मनासारखं पाणी, दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन. दुसरा आकडा गटाच्या वर अर्धा किलोपेक्षा जास्त असेल तर तो गट तुमचा नाही. बॉक्सरने हीच चाचणी तीन सलग दिवसांची करावी. लिफ्टरला गरज नाही. त्याने फक्त काट्याच्या वजनावर दोन तासांनी नेहमीचा सुरुवातीचा स्नॅच उचलून बघावा. बार जड लागला तर उत्तर मिळालं.

पायरी 4: शेवटचे सहा दिवस

इथे वजन दोन ठिकाणांहून कमी होतं, आणि दोन्ही सुरक्षित आहेत. पहिलं आतड्यांतून: शेवटचे दोन-तीन दिवस भाकरी, उसळी, कोशिंबिरी, पालेभाज्या बाजूला ठेवून भात, अंडी, दही, साल काढलेली फळं असं कमी चोथ्याचं खाल्लं की पोटातला साठा हलका होतो. दुसरं मिठातून: लोणचं, पापड, चिवडा, फरसाण बंद केलं की धरलेलं पाणी सुटतं. या दोन्हींतून अनेकांचं अर्धा ते एक किलो जातं आणि ताकदीला धक्का लागत नाही. साखर-भात पूर्ण तोडला तर आणखी कमी होतं, कारण स्नायूतल्या साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या जवळपास तिप्पट पाणी असतं. पण तोच साठा पहिल्या कुस्तीच्या दुसऱ्या फेरीत लागतो.

न करायच्या गोष्टी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उत्तेजक द्रव्यांच्या बंदी यादीत आहेत. कुणी ‘साधी गोळी आहे’ म्हणालं तरी नाही. वजनानंतर सलाईन लावून घेणंही बंद आहे: बारा तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं हा नियमभंग ठरतो, रुग्णालयातले खरे उपचार सोडून. आणि प्लास्टिकचा सूट घालून बंद खोलीत धावणं. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतले तीन कॉलेज पैलवान याच मार्गाने वजन काढताना मेले. त्यानंतर तिथे रबरी सूट आणि सॉनावर बंदी आली, वजनं लढतीच्या जवळ आणली गेली आणि खेळाडू सुकलेला नाही ना हे लघवीच्या चाचणीने बघायला सुरुवात झाली.

घाम काढताना थांबायची खूण सांगतो. घाम फुटायचा बंद झाला, अंगावर काटा आला, चक्कर आली, किंवा बोलताना शब्द अडखळले की त्या क्षणी थांबायचं, सावलीत न्यायचं, पाणी द्यायचं. शुद्ध हरपत असेल तर अंगावर गार पाणी ओतत थेट रुग्णालय. शाळकरी वयाच्या मुलांनी घामातून वजन काढूच नये. ती वाढीची वर्षं आहेत आणि सहा महिन्यांत गट आपोआप बदलतो.

पायरी 5: काट्याची सकाळ

आदल्या संध्याकाळी स्पर्धेच्या ठिकाणचा अधिकृत काटा चाचणीसाठी ठेवलेला असतो का ते विचारा आणि त्यावर उभं राहून या. घरच्या काट्यापेक्षा तो 200 ग्रॅम वर दाखवत असेल तर ते तुमच्या गणितात घाला. काट्याशी वाद घालून काही होत नाही. ओळखपत्र, वयाचा दाखला, वैद्यकीय कागद एका पिशवीत. पैलवानाने नखं बारीक कापलेली असावीत, वजनाच्या वेळी ती बघतात. आणि रांगेत शेवटी राहू नका. वेळ सुरू होताच पहिल्यांदा उभं राहा: कुस्ती आणि वेटलिफ्टिंगमध्ये जास्त भरलं तर उरलेल्या वेळात पुन्हा येता येतं. शेवटच्या मिनिटाला उभ्या राहणाऱ्याला दुसरी संधी नसते.

2018 मध्ये पोलंडच्या स्पर्धेत मेरी कोमच्या अंगावर दोनेक किलो जास्त होते आणि हातात चारच तास. तिने तासभर दोरीवरच्या उड्या मारून 48 किलो गाठलं आणि सुवर्णही जिंकलं. तिच्याकडे तेव्हा पाच जागतिक विजेतेपदांचा अनुभव होता. तुमच्याकडे दोरी असावी, पण ती 300 ग्रॅमसाठी.

पायरी 6: काट्यावरून उतरल्यावर

पहिला घोट ओआरएसचा. गटागटा लिटरभर साधं पाणी प्यायलात तर बरंचसं लघवीतून निघून जाईल आणि पोट डुचमळेल. दर दहा-पंधरा मिनिटांनी दीडशे-दोनशे मिलिलिटर. अर्ध्या तासाने केळी, मऊ भात-दही, गुळाचा खडा. वडापाव आणि बिर्याणी रात्रीसाठी. कुस्तीत दुसरी सकाळ शिल्लक असेल तर दिवसभर आत जाणारी प्रत्येक बाटली मोजा आणि शेवटच्या लढतीनंतर लगेच एकदा काट्यावर उभे राहा, कारण रात्री दहाला कळलेल्या 600 ग्रॅमवर उपाय आहे, सकाळी साडेसातला कळलेल्यावर नाही.

नाव कोणत्या गटात दिलं आहे तेही तपासा. प्रवेशिका भरताना लिहिलेला गट बदलण्याची मुदत प्रत्येक स्पर्धेत वेगळी असते आणि ती बहुधा वजनाच्या सकाळपर्यंत चालत नाही. तीन आठवड्यांपूर्वीच्या चाचणीत आकडा बसला नसेल, तर संघव्यवस्थापकाला त्याच दिवशी फोन करा.